बदली बाईंसाठी चिठ्ठी: पाचवी, अपूर्णांकांचा लहान-मोठेपणा. वाचून सुचवा

अंश_छेद

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीची वर्गशिक्षिका आहे. पुढच्या आठवड्यात मला प्रशिक्षणाला जायचं आहे. माझा वर्ग दुसरीच्या बाई बघतील. त्या उत्तम शिकवतात, पण बरीच वर्षं त्यांनी पहिली-दुसरीच घेतली आहे, त्यामुळे पाचवीचं गणित अलीकडे त्यांच्या हाताखालून गेलेलं नाही.

वर्गात सममूल्य अपूर्णांक झालेत. परत आल्यावर मला समच्छेद करून तुलना शिकवायची आहे. त्याआधी मला एकच गोष्ट कळायला हवी: दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता, हे प्रत्येक मूल आज कशावरून ठरवतं. त्यासाठी ही कृतिपत्रिका आहे. मी वर्गात असले की मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतात, म्हणून ती माझ्या गैरहजेरीत सोडवली जावी असंही मला मनापासून वाटतं. पण गोळा करताना गडबड झाली तर सगळे कागद निरुपयोगी होतील. खाली चिठ्ठी देते. बदलीवर गेलेल्या आणि बदलीला माणूस ठेवून गेलेल्या, दोघांनीही वाचून सांगा.

> ताई,
>
> गुरुवारी दुसरी तासिका गणिताची, ४० मिनिटं. कृतिपत्रिका कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये आहेत, हजेरीपटाच्या क्रमाने लावलेल्या. नावं मी आधीच लिहिली आहेत, शेवटी चार कोऱ्या जास्तीच्या आहेत.
>
> प्रत्येक पानावर पाच जोड्या आहेत:
> १) २/७ आणि ५/७
> २) ३/५ आणि ३/८
> ३) १/२ आणि ३/७
> ४) ३/४ आणि ७/८
> ५) २/३ आणि ४/६
>
> मोठ्या अपूर्णांकाला गोल करायचा. दोन्ही सारखे वाटले तर मध्ये = लिहायचं. खाली ‘कशावरून?’ असं छापलंय, तिथे एक वाक्य किंवा चित्र. ती ओळ मला गोलापेक्षा जास्त महत्त्वाची आहे.
>
> सुरुवातीला पान कसं भरायचं तेवढंच फळ्यावर दाखवा. १/४ आणि ३/४ घ्या, ३/४ ला गोल करा, खाली लिहा: ‘तुकडे सारखेच, पण इथे तीन आहेत.’ दुसरं उदाहरण घेऊ नका. छेद वेगवेगळे असलेली एखादी जोडी फळ्यावर आली तर मुलं तिचीच नक्कल पाचही ठिकाणी करतील.
>
> पेनाने लिहायचं. पेन्सिल, खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. मला ते खोडलेलंही वाचायचं आहे.
>
> ‘बाई, बरोबर आहे का?’ असं विचारतील. हो-नाही म्हणू नका, मानही हलवू नका. ‘तुला असं कशावरून वाटलं ते खाली लिही’ एवढंच सांगा. ज्याला लिहिणं जड जातं त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत तुम्ही लिहा आणि कोपऱ्यात ‘सां.’ करा, म्हणजे त्याने सांगितलं, तुम्ही लिहिलं हे मला कळेल. वाक्य सुधारू नका.
>
> तिसाव्या मिनिटाला थांबवा. कागद ‘पुढे पास करा’ असं सांगू नका, पुढे येता येता बदलले जातात. तुम्हीच रांगेतून फिरून उचला आणि पालथे ठेवा. अर्धवट असले तरी घ्या. तपासू नका, बरोबर-चूक खूण नको, गुण नकोत. उत्तरं सांगू नका. उरलेल्या वेळात पाढे घ्या.

---

गणित_सोपं_आहे

चिठ्ठी चांगली आहे, पण इतका खटाटोप कशाला? तिरकस गुणाकार शिकवा. ३/४ आणि ७/८: तीन आठे चोवीस, चार साते अठ्ठावीस. अठ्ठावीस मोठे, म्हणून ७/८ मोठा. पाच जोड्या पाच मिनिटांत होतात. शिष्यवृत्तीच्या वर्गात आम्ही हेच देतो आणि मुलं चुकत नाहीत. बदलीवरच्या बाईंनाही सोपं पडेल.

---

जुना_फळा

धागाकर्त्या बाई, मी निवृत्त आहे. केंद्रप्रमुख असताना वर्गांत बसून मुलांच्या वह्या बघत असे, म्हणून तुमच्या जोड्या जरा बारकाईने पाहिल्या. तुम्ही त्या विचार करून निवडलेल्या दिसतात. बाकीच्यांना ते दिसावं म्हणून उलगडून लिहितो.

पाचवीच्या वर्गात तीन तऱ्हेची मुलं हमखास भेटतात. पहिलं मूल फक्त आकडे बघतं. आठ पाचापेक्षा मोठे, म्हणून ३/८ मोठा. त्याची दुसरी जोडी चुकणार, तिसरी चुकणार (ते ३/७ ला गोल करेल), पाचवीत ते ४/६ ला गोल करेल. पण चौथीत ७/८ बरोबर येईल, कारण तिथे मोठे आकडे खरोखरच मोठ्या अपूर्णांकात आहेत. म्हणजे बरोबर उत्तर, चुकीचं कारण.

दुसऱ्या मुलाला कोणीतरी सांगितलंय की छेद मोठा तर तुकडा लहान. हे खरं आहे. पण त्याने ते ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असं पाठ केलंय, तुकडे किती घेतले हे तो बघतच नाही. त्याच्या पहिल्या तीन जोड्या बरोबर येतात. चौथीत तो ३/४ ला गोल करतो, पाचवीत २/३ ला.

तिसरं मूल सगळ्यांत फसवं. ते पूर्ण व्हायला किती कमी पडतंय ते मोजतं. ३/४ ला एक कमी, ७/८ लाही एक कमी, म्हणून दोन्ही सारखे. एक चतुर्थांश कमी असणं आणि एक अष्टमांश कमी असणं यांत फरक आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. त्याच्याही पहिल्या तीन बरोबर येतात. पाचवीत २/३ ला एक कमी, ४/६ ला दोन कमी, म्हणून २/३ ला गोल.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाचे कागद शेजारी ठेवा. दोघांना पाचपैकी तीन. फरक फक्त चौथ्या जोडीत: एकाने ३/४ ला गोल केलाय, दुसऱ्याने = लिहिलंय. ताईंनी तपासून दोघांच्या कागदावर ३/५ असे गुण घातले, तर तुम्ही परत आल्यावर दोघांना एकाच गटात बसवाल. खरं तर त्यांना वेगवेगळी गोष्ट शिकवायला हवी.

एक सूचना. सहावी जोडी घाला: १/३ आणि ४/५. दुसरं मूल इथे १/३ ला गोल करेल. तिसऱ्याचं बरोबर येईल, पहिल्याचंही. मग गुण असे होतात: आकडे बघणाऱ्याला सहापैकी तीन, ‘छेद मोठा तर लहान’वाल्यालाही सहापैकी तीन, कमी पडणारं मोजणाऱ्याला चार. पहिली दोघं अगदी उलट विचार करतात आणि गुण सारखे! पण पहिल्याच्या २, ३, ५ चुकतात आणि दुसऱ्याच्या ४, ५, ६. ‘किती चुकले’ यापेक्षा ‘कोणते चुकले’ हे का बघायचं ते यातून कळावं.

मुलं अर्थात इतकी शिस्तीत चुकत नाहीत. एका जोडीत एक विचार, दुसरीत दुसरा, असंही होतं. म्हणून ‘कशावरून?’ची ओळ हवीच.

---

अंश_छेद

सर, सहावी जोडी घेतलीच. ४/५ जवळजवळ पूर्ण आणि १/३ अर्ध्याहूनही कमी, हे चित्र डोळ्यांपुढे असलेलं मूल तिथे क्षणभरही थांबणार नाही. त्यामुळे जे मूल तिथे चुकेल ते नियमाच्या आहारी गेलंय हे नक्की कळेल.

@गणित_सोपं_आहे, तिरकस गुणाकार चुकीचा नाही. माझ्या वर्गातली काही मुलं तो शिकवणीत शिकून आलेली आहेत. त्यांना सहाही बरोबर येतील आणि खालच्या ओळीत फक्त २४ आणि २८ दिसतील. ते कागद मी वेगळे काढणार आहे. त्या मुलांना मला विचारायचं आहे की हे २४ म्हणजे चोवीस काय?

---

गणित_सोपं_आहे

चोवीस म्हणजे गुणाकार, दुसरं काय? परीक्षेत पर्यायाला गोल करायचा असतो, तिथे कारण कोण विचारतंय?

---

जुना_फळा

चोवीस बत्तिसांश. ३/४ चे वर-खाली आठने गुणून २४/३२, ७/८ चे वर-खाली चारने गुणून २८/३२. तुमच्या रीतीत बत्तीस लिहिले जात नाहीत एवढंच. ती समच्छेद करण्याचीच रीत आहे, छेद झाकून ठेवलेली. ज्या मुलाला हे सांगता येतं त्याने ती खुशाल वापरावी. ज्याला येत नाही ते मूल पुढच्या महिन्यात बेरजेतही तिरकस गुणाकार करून बसतं आणि खाली काय लिहायचं ते त्याला कळत नाही. असे कागद मी पाहिलेत.

---

गणित_सोपं_आहे

बत्तिसांशाचा मुद्दा मान्य. पण वर्गातल्या चाळीस मुलांना हे समजावेपर्यंत परीक्षा येऊन ठेपते. रीत आधी, समज नंतर, असंही चालतं. माझं मत बदललेलं नाही.

---

रजा_की_प्रतिनियुक्ती

प्रशिक्षणाला जाताना वर्गाचा प्रभार लेखी द्यावा लागतो का? मुख्याध्यापकांची सही चिठ्ठीवर हवी का? आमच्याकडे तोंडी सांगितलं म्हणून नंतर वाद झाला होता.

---

अंश_छेद

ती वेगळी गोष्ट आहे. प्रशिक्षणाचा आदेश शाळेत आलाय, वर्ग कोणी बघायचा हे मुख्याध्यापकांनी ठरवलंय. ही चिठ्ठी फक्त एका तासाची, आम्हा दोघींतली. तुमच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढलात तर जाणकार उत्तर देतील.

---

शिकाऊ_मास्तर

मी बदलीवर जाणारा आहे, त्या बाजूने लिहितो. अनोळखी वर्गात शिरल्यावर चिठ्ठी शांतपणे वाचायला वेळ नसतो. एकीकडे वाचतो, दुसरीकडे मुलं ‘आमच्या बाई असं नाही करत’ म्हणत असतात. म्हणून तीन गोष्टी.

पहिली, ‘तपासू नका, उत्तरं सांगू नका’ ही ओळ शेवटी आहे, ती अगदी वर आणा. मी चांगल्या हेतूने आलेला असतो. एखादा मुलगा ३/८ ला गोल करताना दिसला की माझा हात आपोआप पुढे जातो. का करायचं नाही तेही एका वाक्यात लिहा, नाहीतर नियम विचित्र वाटतो आणि पाळला जात नाही.

दुसरी, लवकर संपवणारी मुलं. सात मिनिटांत चार मुलं ‘झालं’ म्हणून उभी राहतात आणि तिथून वर्ग सुटतो. त्यांना काय द्यायचं ते चिठ्ठीत नाही.

तिसरी, कोरा कागद. काही मुलं काहीच लिहीत नाहीत. त्यांना किती मदत करायची?

आणि ‘मान हलवू नका’ हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. मला कोणी हे कधी सांगितलं नव्हतं.

---

अंश_छेद

तिन्ही मुद्दे पटले. सगळ्यांत वर आता असं लिहिते: ‘ताई, ही परीक्षा नाही. मुलांच्या चुका जशाच्या तशा मला हव्या आहेत, कारण त्यावरून मी पुढच्या आठवड्याचे गट पाडणार आहे. एखाद्याला मदत करून उत्तर बरोबर आलं, तर त्याला कशाची गरज आहे हे मला कळणार नाही.’

लवकर संपवणाऱ्यांना पानाच्या मागच्या बाजूला एक काम: ‘१/२ पेक्षा मोठे पण १ पेक्षा लहान असे जमतील तितके अपूर्णांक लिही. सगळ्यांचे छेद वेगळे हवेत.’ हे कधी संपत नाही आणि त्यातूनही मला बरंच कळतं. ज्या मुलाला अर्ध्याचा अंदाज आहे ते ४/७, ५/९ लिहितं. ज्याला नाही ते बहुतेक २/३, ३/४, ४/५ याच रांगेत पुढे जातं.

कोऱ्या कागदासाठी: एकदाच सांगायचं, ‘दोन पट्ट्या काढ, एकाखाली एक, सारख्या लांबीच्या, डावीकडून सुरू होणाऱ्या.’ त्यापुढे काही नाही. तरी कोरा राहिला तर कोराच घ्यायचा. तोही मला काहीतरी सांगतो.

---

रेवाची_आई

मी शिक्षिका नाही, पालक आहे. मुलगी पाचवीत, शहरात. तिच्या शाळेत बाई रजेवर होत्या तेव्हा अशीच कृतिपत्रिका झाली. बदली शिक्षकांनी तास संपताना उत्तरं फळ्यावर लिहिली आणि मुलांना उतरवून घ्यायला लावली. मुलीचा कागद घरी आला तो सगळा बरोबर, वाक्यंसुद्धा सुरेख. मी खूश झाले. आठवड्याने तिला सहज विचारलं, अर्धा लिटर दूध जास्त की पाव लिटर, तर लगेच म्हणाली अर्धा. मग कागदावर १/२ आणि १/४ लिहून विचारलं तर १/४ ला गोल. दोन्ही एकच आहे हे तिला जाणवलंच नाही. घरी मी काय करावं? पोळी कापून दाखवली, पण पाच भाग करताना माझेच वाकडे झाले.

---

जुना_फळा

ताई, पोळी दोन, चार, आठ भागांपुरती ठीक आहे. पाच किंवा सात भागांसाठी गोल आकार घेऊच नका. भाग लहान-मोठे होतात आणि मूल नेमका मोठा तुकडा दाखवून वाद घालतं. त्यात त्याचं चुकत नाही.

चौकटीची वही घ्या. एका ओळीत २४ चौकटींची पट्टी आखा. अर्धा म्हणजे १२ चौकटी, तृतीयांश ८, चतुर्थांश ६, षष्ठांश ४, अष्टमांश ३. सगळे पूर्ण चौकटींत बसतात, पट्टीने मोजायला लागत नाही. ३/४ रंगवले की १८ चौकटी, खालच्या पट्टीवर ७/८ रंगवले की २१. दोन्हीकडे एकच तुकडा उरलाय, पण वर तो ६ चौकटींचा आहे आणि खाली ३ चौकटींचा. ‘दोन्हीला एक कमी’ म्हणणारं मूल तिथे स्वतःच थांबतं. २/३ आणि ४/६ दोन्ही १६ वर येतात.

सातसाठी १४ चौकटी घ्या: अर्धा ७ वर, ३/७ सहावर. पाच आणि आठसाठी एक पट्टी करायची तर ४० चौकटी लागतील, वहीच्या ओळीत त्या मावत नाहीत. पण ३/५ आणि ३/८ ला पट्टीची गरजच नाही. दोन्हीकडे तीन तुकडे आहेत, कोणाचे तुकडे मोठे एवढंच बघायचं.

आणि दूध तसंच चालू ठेवा. पाव, अर्धा, पाऊण तिला येतं. प्रत्येक वेळी बोललेलं लगेच कागदावर आकड्यांत लिहून घ्या.

---

घाटावरची_शाळा

आमची द्विशिक्षकी शाळा. चौथी-पाचवी एका खोलीत, एका फळ्यावर. दुसरे गुरुजी गेले की पहिली ते पाचवी माझ्याकडे. अशा वेळी रांगेतून फिरून कागद उचलणं, ‘सां.’ लिहिणं हे शक्यच नाही. मी काय करू शकते ते सांगा.

---

अंश_छेद

ताई, तुमच्या जागी मी जोड्या सहावरून तीन करीन: ३/५-३/८, ३/४-७/८ आणि १/३-४/५. या तिघींतही तिन्ही तऱ्हा वेगळ्या दिसतात. आकडे बघणारं मूल पहिलीत चुकेल, कमी पडणारं मोजणारं मूल दुसरीत = लिहील, पाठ नियमवालं दुसरीत आणि तिसरीत चुकेल. दहा मिनिटांचं काम. चौथीला तेवढ्यात जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांना घड्या घालून दोन, चार, आठ भाग करायला द्या. गोळा करायला एका मोठ्या मुलीला पाठवण्यापेक्षा टेबलावर खोका ठेवा, ज्याचं त्याने येऊन पालथं टाकायचं.

---

न्यूजर्सीकर

मी इथे अमेरिकेत शाळांमध्ये सबस्टिट्यूट म्हणून जाते. इथे तो स्वतंत्र पेशाच आहे, रोज वेगळा वर्ग. बहुतेक शिक्षिका एक फोल्डर ठेवून जातात. त्यात बैठकव्यवस्था, कोणाला कसली अॅलर्जी, घंटा कधी, सगळं असतं. पण कागद गोळा करून त्यांचं पुढे काय होणार आहे हे क्वचित लिहिलेलं असतं. म्हणून आम्ही ते ‘वेळ घालवायचं काम’ समजतो आणि मुलंही तसंच समजतात. तुमच्या पहिल्या ओळीने ते होणार नाही.

एक निरीक्षण. इथल्या बऱ्याच राज्यांच्या अभ्यासक्रमात तिसरीत फक्त समान छेद किंवा समान अंश असलेल्या जोड्यांची तुलना येते आणि छेद-अंश दोन्ही वेगळे असलेल्या चौथीत. तुमच्याकडे समान अंशाच्या जोड्यांवर पुरेसा वेळ दिला जातो का? मला शाळेत असताना थेट लसावि काढायला लावल्याचं आठवतं.

एक शंका. पेन? नऊ-दहा वर्षांची मुलं पेनाने चुकायला घाबरतात. मी असते तर पेन्सिल ठेवली असती, फक्त खोडरबर काढून घेतला असता.

---

अंश_छेद

समान अंशाला आम्ही पाठ्यपुस्तकात असतो तेवढा वेळ देतो आणि तो पुरत नाही. दुसरी जोडी त्यासाठीच आहे. ती बऱ्याच जणांची चुकली तर समच्छेद पुढे ढकलून मी आठवडाभर समान अंशच घेईन.

पेन्सिल ठेवते, खोडरबर नाही. माझ्या वर्गातली मुलं पेनाला सरावलेली आहेत, पण परक्या बाईंसमोर घाबरतील हे खरं.

---

शिकाऊ_मास्तर

‘उत्तरं सांगू नका, पाढे घ्या’ हे मात्र मला अजून खटकतंय. अर्धा तास डोकं लावल्यावर मुलाला ‘मग कोणता मोठा?’ हे जाणून घ्यायचं असतं. त्याच क्षणी पाढे सुरू केले तर ते हिरमुसतात. कागद तर गोळा झालेत, आता जुना_फळा सरांच्या २४ चौकटी करून घेतल्या तर काय बिघडलं? मूल स्वतःच बघेल.

---

जुना_फळा

मलाही तसंच वाटतं. गोळा झालेल्या कागदावरची चूक कुठे पळून जात नाही. मुलाच्या डोक्यात मात्र ती आठवडाभर राहते आणि घट्ट होते.

---

अंश_छेद

माझी अडचण दुसरीच आहे. मी आल्यावर ३/४ आणि ७/८ ची जोडी फळ्यावर लिहून = वाल्या मुलांना आणि ३/४ वाल्या मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावणार आहे. त्या वादातून वर्ग जे शिकतो ते माझ्या सांगण्यातून शिकत नाही. तोवर सगळ्यांना उत्तर कळलेलं असेल तर वाद होणारच नाही, जो तो ‘७/८, बाईंनी सांगितलं’ म्हणेल.

म्हणून मधला मार्ग काढला आहे. शेवटची दहा मिनिटं २४ चौकटींची पट्टी करायची, पण रंगवायचे फक्त १/२, १/३, १/४, १/६, १/८. एकेक तुकडा, एकाखाली एक. कृतिपत्रिकेतली जोडी एकही नाही. ज्याला त्यातून आपली चूक दिसेल त्याला दिसू दे, पण बाईंनी तोंडाने काही सांगायचं नाही.

---

जुना_फळा

वाद घडवायचा तुमचा बेत चांगला आहे, पण शुक्रवार-शनिवार मध्ये जातील. मी असतो तर ताईंनाच तो वाद घेऊ दिला असता. दुसरीला शिकवणाऱ्या बाई मुलांना बोलतं करण्यात आपल्यापेक्षा सरस असतात.

---

अंश_छेद

ते मी ताईंनाच विचारते. त्यांना घ्यावासा वाटला तर त्यांनी जरूर घ्यावा, फक्त त्याआधी कागद कपाटात बंद व्हायला हवेत. कोण काय म्हणालं हे त्यांनी टिपून ठेवलं तर माझं काम अर्धं होईल.

गोळा करण्याचा भाग आता असा लिहिला आहे:

> तिसाव्या मिनिटाला पेन्सिली खाली. तुम्ही रांगेतून फिरा, कागद पालथे घ्या. घेताना फक्त दोन गोष्टी बघा: नाव आहे ना (जास्तीच्या कोऱ्या पानांवर नसतं), आणि ज्याने गोल केलाय पण ‘कशावरून?’ रिकामं ठेवलंय, त्याला तिथेच हळू आवाजात विचारा आणि तो म्हणेल ते लिहून ‘सां.’ करा. ‘मला वाटलं म्हणून’ असं म्हणाला तरी तेच लिहा. सगळे कागद निळ्या फाइलमध्ये घालून कपाटाला कुलूप. फाइलच्या पहिल्या पानावर दोन यादी: कोण सगळ्यांत आधी संपवून बसलं, आणि कोणी शेजाऱ्याचं पाहिलं असं तुम्हाला वाटलं. शेजाऱ्याचं पाहणाऱ्याला ओरडू नका, फक्त दोघांची नावं एकत्र लिहा.

---

शिकाऊ_मास्तर

हे वाचून मी तास घेऊ शकतो. एकच राहिलं: गुरुवारी गैरहजर असलेल्यांचं काय? शुक्रवारी आले की त्यांना तीच पत्रिका द्यायची का?

---

अंश_छेद

नाही. तोवर जोड्या साऱ्या वर्गाला पाठ झालेल्या असतील. त्यांची नावं ताईंनी फक्त लिहून ठेवायची, मी आल्यावर त्यांना आकडे बदलून देईन. दुसऱ्या जोडीच्या जागी ४/७ आणि ४/९, चौथीच्या जागी २/३ आणि ४/५. तिथेही दोन्हीला एकच कमी आहे, त्यामुळे = लिहिणारं मूल तिथेही = च लिहील. सहावीच्या जागी १/४ आणि ५/६ चालेल. बाकीच्या तीन तशाच ठेवते.